आजोबांच्या सात वह्या आणि मॅडमना पाठवलेला पहिला ईमेल

नोव्हेंबर २०२४ मध्ये माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. इतिहासात एम.ए. झालेली, साक्री तालुक्यातल्या एका लहान गावची. त्या वर्षीच्या जूनच्या नेट परीक्षेत ती फक्त पीएच.डी. प्रवेशासाठीच्या गटात पात्र ठरली होती. या गटातले गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात, म्हणून घाई होती. "सर, चौदा प्राध्यापकांना मेल केला. तीन आठवडे झाले, एकाचंही उत्तर नाही," ती म्हणाली आणि फोन माझ्यापुढे धरला.

मी स्वतः एका महाविद्यालयातल्या संशोधन केंद्रावर मार्गदर्शक आहे. प्रवेशाच्या दिवसांत असे मेल मलाही येतात आणि त्यातल्या पुष्कळांना मी उत्तर दिलेले नाही, हे मला तिच्यासमोर कबूल करावे लागले. तिचा मेल वाचताना मला कळत होते की, तो माझ्याकडे आला असता तर मीही पुढे सरकलो असतो.

मेल इंग्रजीत होता. सुरुवात ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’ अशी. पुढे ‘आपल्या बहुमोल मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करण्याची माझी तीव्र इच्छा आहे’, ‘आपले संशोधन मला अत्यंत प्रेरणादायी वाटते’, ‘कृपया मला संधी द्यावी’ या अर्थाची तीन वाक्ये आणि शेवटी ‘रिझ्यूमे सोबत जोडला आहे’. विषयाच्या जागी नुसते ‘पीएच.डी. गाइडशिपसाठी विनंती’. चौदाच्या चौदा पत्ते ‘प्रति’च्या रकान्यात उघडे. म्हणजे प्रत्येक प्राध्यापकाला बाकीचे तेरा जण दिसत होते. त्यातले दोघे एकाच विभागात शेजारच्या खोल्यांत बसणारे, आणि एक जण प्राचीन नाणेशास्त्राचे अभ्यासक, ज्यांचा तिच्या विषयाशी काही संबंध नव्हता.

मी विचारले, "तुझा विषय काय आहे, हे यात कुठे आहे?"

ती म्हणाली, "ते त्यांनी होकार दिल्यावर सांगणार होते."

इथे मी थांबलो, कारण घोळ शब्दांत नव्हता. तिला वाटत होते की आधी गाइड मिळतो आणि मग विषय ठरतो. काही ठिकाणी तसे होतेही. पण अनोळखी प्राध्यापकाला पहिल्यांदा लिहिताना त्यांच्या हातात काहीतरी द्यावे लागते, ज्यावर ते हो, नाही किंवा ‘अमक्याला विचार’ असे म्हणू शकतील. ‘मला मार्गदर्शन करा’ यावर कोणी काय म्हणणार?

मग मी तिच्याशी नुसत्या गप्पा मारल्या. एम.ए.ला असताना तिने फड पद्धतीवर एक छोटा प्रकल्प केला होता, तो मला आठवत होता. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांतल्या पांझरा, मोसम अशा नद्यांवर आडवे बंधारे बांधून, पाट काढून गावाने मिळून शेती भिजवण्याची ही जुनी व्यवस्था आहे. भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे पाडायचे, त्यांनाच फड म्हणतात. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि पाणी पाळीने घ्यायचे. पाणी सोडणारा तो पाटकरी, पीक राखणारा तो जागल्या.

"माझे आजोबा पाटकरीच होते," ती म्हणाली. "त्यांच्या वह्या आहेत घरी. सात. १९५२ पासून १९६८ पर्यंतच्या. कोणाला कोणत्या दिवशी पाणी दिलं, कोणाचं तोडलं, कोणाला दंड झाला, सगळं लिहिलंय."

मला खुर्चीत नीट बसावे लागले. चौदा जणांना गेलेल्या मेलमध्ये या वह्यांचा उल्लेखही नव्हता. रिझ्यूमेमध्ये होता का म्हणून पाहिले. `resume final new 2.pdf` या फाइलच्या दुसऱ्या पानावर ‘छंद’ या मथळ्याखाली ‘जुनी कागदपत्रे जमवणे’ एवढेच होते.

चौदा जणांची यादी आम्ही बाजूला ठेवली आणि एकच नाव घेतले. या प्राध्यापिका दुसऱ्या विद्यापीठात इतिहास शिकवतात आणि शेती, पाणी, महसूल यांवर लिहितात. आधी तिने त्यांचा पाणीपट्टीवरचा एक लेख पूर्ण वाचायचा, असे ठरले. तिने चार दिवस घेतले. पाचव्या दिवशी आली ती लेखाच्या शेवटच्या भागातल्या एका परिच्छेदाला खूण करून. त्यात मॅडमनी लिहिले होते की सरकारी दप्तरात पट्टी कोणी भरली हे सापडते, पण पाणी कोणाला आधी मिळाले आणि कोणाला नंतर, हे त्यातून कळत नाही. तिच्या आजोबांच्या वह्यांत नेमके तेच होते. आता मेल लिहिण्यासारखे काहीतरी हाती आले होते.

मेल कोणत्या भाषेत लिहायचा, हा पहिला प्रश्न. मॅडमचे लेख मराठीतही आहेत, त्यांचा विभाग मराठीत प्रबंध स्वीकारतो, आणि वह्या तर खानदेशी वळणाच्या मराठीत. तिची इंग्रजी वाक्ये पुस्तकी होती, पण मराठीत ती छान लिहिते. मराठीतच लिहायचे ठरले. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत किंवा परदेशी विद्यापीठात लिहायचे असते तर इंग्रजीला पर्याय नव्हता, आणि तिथे ‘डिअर प्रोफेसर’ व पुढे आडनाव ही रीत आहे. तीच मराठीत ‘प्रिय प्राध्यापक’ अशी उतरवली की वाचणाऱ्याला खटकते. आपल्याकडे वयाने किंवा मानाने मोठ्या अनोळखी माणसाला ‘प्रिय’ लिहीत नाहीत.

तिच्या मराठी मसुद्याची सुरुवात अशी होती:

"ती. सौ. … मॅडम यांना सा. न. वि. वि."

शाळेतल्या पत्रलेखनाच्या तासाचा हा परिणाम. ‘ती.’ म्हणजे तीर्थरूप. आई-वडील आणि घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. ‘सा. न. वि. वि.’ हेही घरगुती पत्राचे वळण. आपल्याला मायेचे वाटते, पण ज्यांनी आपल्याला कधी पाहिलेही नाही त्यांना ही नको असलेली जवळीक वाटू शकते. सगळ्यात चुकलेला शब्द मात्र ‘सौ.’ हा. मॅडम विवाहित आहेत की नाहीत, हे तिला माहीत नव्हते, आणि माहीत असते तरी संशोधनाच्या पत्रात त्याला जागा नाही. विभागाच्या पानावर त्यांचे नाव ‘प्रा. डॉ.’ असे लिहिले होते. त्यांनी स्वतःची ओळख ज्या पदाने दिली आहे, त्याच पदाने लिहायचे.

मग ‘माननीय’ की ‘आदरणीय’? तिने ‘मा. महोदया’ असाही एक पर्याय काढला होता. ‘मा. महोदया’ हे कुलसचिवांना, जिल्हाधिकाऱ्यांना लिहायच्या अर्जाचे वळण आहे. तिथे आपण खुर्चीला लिहितो. इथे लिहायचे होते माणसाला, जिचा लेख तिने चार दिवस बसून वाचला होता. म्हणून ‘आदरणीय’, त्यापुढे आडनाव आणि ‘मॅडम’. काही मराठी विभागांत ज्येष्ठ प्राध्यापिकांना अजून ‘बाई’ म्हणतात आणि तो शब्द मला फार आवडतो, पण तो त्यांच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांनी वापरायचा. आडनाव गाळून नुसते ‘आदरणीय मॅडम’ चालते का? चालते, पण आडनाव लिहिले की हा मेल तुमच्यासाठीच लिहिला आहे हे पहिल्याच ओळीत दिसते. ते शुद्ध हवे, आणि त्यांनी स्वतः जसे लिहिले आहे तसे. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूकही नावात झाली तर डोळ्याला टोचते.

अभिवादनाला ‘सादर नमस्कार’ हे दोन शब्द पुरले.

यापुढची ओळ लिहायला तिला सगळ्यात जड गेली. तिने आधी लिहिले, "आपण महाराष्ट्रातील एक थोर इतिहास अभ्यासक असून आपल्या लेखनाने मी लहानपणापासून भारावून गेले आहे." लहानपणापासून नाही, चार दिवसांपासून. मी तिला ते वाक्य मोठ्याने वाचायला सांगितले. तिनेच खोडले.

दुसरा प्रयत्न: "आपल्या भागातील फड पद्धत हा माझा अभ्यासाचा विषय आहे." यात एक बारीक गोम होती. ‘आपल्या’ म्हणजे कोणाच्या? मॅडमच्या, की आपल्या दोघींच्या? मराठीत ‘आपण’ आदरार्थीही असते आणि आपल्या सगळ्यांचेही, म्हणून आदराच्या पत्रात हा घोटाळा हमखास होतो. मॅडम खानदेशातल्या नाहीत. तिथे ‘माझ्या’ किंवा ‘आमच्या’ हवे. मसुद्यात दोन ठिकाणी ‘तुम्ही’ आणि चार ठिकाणी ‘आपण’ असेही होते. ते सगळे ‘आपण’ केले आणि क्रियापदे तपासली.

पहिल्या ओळीत स्वतःची ओळख द्यायची की वह्यांची, यावर आमचे मतभेद झाले. तिचे म्हणणे, आधी नाव-गाव न सांगता एकदम विषयाला हात घालणे उर्मटपणाचे वाटेल. माझे म्हणणे, फोनवर मेलच्या यादीत नाव, विषय आणि मजकुराचे पहिले थोडेसे शब्दच दिसतात, आणि ‘मी अमुक महाविद्यालयातून एम.ए. उत्तीर्ण’ यात उघडून पाहावे असे काही नाही. शेवटी वाट तिनेच काढली, आणि ती माझ्यापेक्षा चांगली होती. ओळख आजोबांच्या मार्फत द्यायची. तिचे गाव, घर आणि वह्या पहिल्या दोनच वाक्यांत आल्या.

मंगळवारी सकाळी गेलेला मेल असा होता:

विषय: पांझराकाठच्या फडाच्या वह्या, १९५२ ते १९६८, पीएच.डी. मार्गदर्शनाबाबत विचारणा

आदरणीय … मॅडम,

सादर नमस्कार.

माझे आजोबा साक्री तालुक्यातील आमच्या गावच्या फडावर पाटकरी होते. त्यांनी १९५२ ते १९६८ या काळात ठेवलेल्या पाणीवाटपाच्या सात वह्या आमच्या घरी आहेत. मी २०२३ मध्ये इतिहासात एम.ए. केले असून या वह्यांवर पीएच.डी.चे काम करण्याची माझी इच्छा आहे.

आपला पाणीपट्टीवरचा लेख मी वाचला. सरकारी दप्तरातून पाणी कोणाला आधी आणि कोणाला नंतर मिळाले हे कळत नाही, असे आपण शेवटच्या भागात म्हटले आहे. या वह्यांत पाळीचा क्रम तारखेनुसार लिहिलेला आहे आणि पाळी मोडणाऱ्याला केलेल्या दंडाच्याही नोंदी आहेत. १९६१ च्या वहीतील दोन पानांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

जून २०२४ च्या नेट परीक्षेत मी पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरले आहे.

मला दोन गोष्टी विचारायच्या होत्या. या विषयावर मार्गदर्शन करणे आपल्याला शक्य वाटते का? आणि येत्या प्रवेशफेरीत आपल्याकडे जागा असण्याची शक्यता आहे का? प्रवेश मुलाखतीतून आणि केंद्राच्या प्रक्रियेतूनच होतो, याची मला कल्पना आहे.

आपली नम्र,
(पूर्ण नाव, गाव, फोन क्रमांक)

शेवटचे वाक्य लिहायचा आग्रह माझा होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच पीएच.डी. संशोधक असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर नवीन विद्यार्थी घेता येत नाही. नेटच्या या गटातून आलेल्यांची निवड नेटचे गुण ७० टक्के आणि मुलाखत ३० टक्के अशी होते. म्हणजे मार्गदर्शकाने मेलवर ‘या, घेतो’ म्हटले तरी त्याच्या एकट्याच्या हातात ते नसते. हे ठाऊक असलेला विद्यार्थी लिहीत आहे असे कळले की उत्तर देणाऱ्यावरचे ओझे उतरते. आश्वासन द्यायचे नसते, फक्त शक्यता सांगायची असते. माझ्याकडे येणाऱ्या मेलमधला ‘मला नक्की घ्याल ना’ हा सूर मला गप्प करतो. मनात नसतानाही गप्प बसतो, कारण ‘हो’ म्हणणे खोटे ठरू शकते आणि ‘नाही’ म्हणावेसे वाटत नाही.

सहीच्या वर तिने आधी ‘आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी’ असे लिहिले होते. ती अजून त्यांची विद्यार्थिनी नव्हती. ‘कळावे, लोभ असावा’ हेही काढले. लोभ आधी असेल तर तो असू द्यावा म्हणायचे. ‘आपली नम्र’ बरे वाटले.

जोडपत्रांचे थोडक्यात. तिने चौदा पानांचा आराखडा तयार ठेवला होता. तो पाठवला नाही. पहिल्या मेलबरोबर तो गेला की ‘सवडीने वाचू’ या ढिगात जातो. दोन छायाचित्रे मात्र गेली पाहिजेत, असे मला ठामपणे वाटत होते. ती उजेडात, वरून सरळ, सावली न पडता काढलेली, आणि फाइलीला ‘वही १९६१ पान १२’ असे साधे नाव. शाई फिकट होती, पण ‘पाळी चुकविली, दंड रु. २’ ही ओळ वाचता येत होती. इतिहासाच्या माणसाला ती ओळ पाहिल्यावर राहवत नाही.

घरात वह्या नसतील त्याने काय करावे, असे तिच्या एका मैत्रिणीने मला नंतर विचारले. ती रसायनशास्त्राची. तिथे कागद नाही, पण एम.एस्सी.च्या प्रकल्पात कोणते उपकरण स्वतः चालवले, कोणता प्रयोग फसला आणि तो का फसला असे वाटते, हे त्या प्रयोगशाळेच्या अलीकडच्या एखाद्या शोधनिबंधाशी जोडून दोन वाक्यांत सांगता येते. शिष्यवृत्ती असेल तर तेही सुरुवातीलाच लिहावे, कारण प्रयोगशाळेत विद्यार्थी घेताना खर्चाचा विचार आधी होतो. पण प्राध्यापकांच्या निबंधाचे नुसते शीर्षक उचलून ‘आपला हा निबंध आवडला’ म्हणू नये. ते लगेच ओळखू येते. शीर्षक असते आणि त्यापुढे निबंधातले काहीच नसते.

उत्तर शुक्रवारी आले. तीनच ओळी. जागा सध्या भरलेल्या आहेत, एक विद्यार्थी उन्हाळ्यात प्रबंध सादर करील असे वाटते, तोवर खात्रीने सांगता येणार नाही. वह्यांची सगळी पाने आधी नीट छायाचित्रित करून ठेव, वाळवी आणि ओल यांपासून जप. आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जाऊन त्या भागातले आधीचे कागद काही सापडतात का, ते पाहा.

ती थोडी खट्टू झाली. मला मात्र उत्तर चांगले वाटले. त्यात नकार नव्हता, आणि काम सांगितलेले होते. नेटची मुदत संपायच्या आत प्रवेश हवा असल्याने आम्ही आणखी दोन प्राध्यापकांना लिहायचे ठरवले, पण एकेकाला, त्यांचा लेख वाचून, वेगळ्या मजकुराने. मॅडमना तिने त्याच मेलच्या उत्तरात आभार मानले आणि दुसरीकडेही विचारणा करते आहे हे सरळ कळवले. लपवले असते तर पुढे कुठल्या तरी चर्चासत्रात ते उघड झालेच असते. हे क्षेत्र लहान आहे. उत्तर आले नसते तर दहा-बारा दिवसांनी त्याच मेलला जोडून दोन ओळींची आठवण पाठवायची आणि त्यानंतर थांबायचे, असे आमचे ठरले होते. तशी वेळ आली नाही.

डिसेंबरात सातही वह्यांची छायाचित्रे झाली. एकूण सहाशेच्या वर पाने. त्यांतली चाळीस तिने मॅडमना पाठवली. या वेळी उत्तर दुसऱ्या दिवशी आले, आणि त्यात एकच प्रश्न होता: "पान ३१ वर ‘रा.’ असं लिहिलंय, ती रात्रीची पाळी आहे का? रात्री पाणी कोण धरायचं, तुमच्या घरी कोणाला विचारता येईल?"

तिने मेल मला पाठवला आणि खाली लिहिले, "सर, रविवारी गावी चाललेय. आजोबांबरोबर फडावर जागल्या म्हणून असलेले एक बाबा अजून आहेत."